सुई टोचल्यानंतरचे पहिले दोन तास
लोहारदा परिसरातील आरोग्य कर्मचाऱ्यांना व दवाखानाचालकांना जाहीर आवाहन

लोहारदा, सतवास, कांटाफोड आणि कन्नोद भागातल्या नर्सताई, एएनएम, लॅब टेक्निशियन, ड्रेसर, सफाई कर्मचारी, आशाताई, खासगी दवाखान्यांतले कंपाउंडर आणि डॉक्टर, सर्वांसाठी हे आवाहन.

रुग्णाला टोचलेली सुई आपल्याच बोटात घुसते, तेव्हा पुढे काय होणार हे बरेचसे पहिल्या काही तासांत ठरते. आपला भाग जिल्ह्याच्या टोकाला आहे. रात्री-अपरात्री देवास किंवा इंदूर गाठायचे म्हटले तर बराच वेळ वाटेतच जातो. म्हणून काय करायचे हे आधी माहीत असायला हवे, आणि औषधाचा पहिला डोस कुठे मिळेल हेही आधीच ठरलेले असायला हवे.

समजा, रात्रपाळीच्या सिस्टरने प्रसूतीसाठी आलेल्या बाईचे रक्त घेतले आणि सुईवर टोपण बसवताना ती बोटात गेली. अशा वेळी पहिली चूक तिथेच होते. कुणी बोट पिळून रक्त काढते, कुणी तोंडात धरते, कुणी स्पिरिट, बिटाडीन किंवा ब्लीच ओतते. यातले काहीही करू नये. पिळल्याने विषाणू बाहेर येत नाही आणि तीव्र औषधांनी जखमेची कातडी आणखी दुखावते. हातमोजे काढावेत, वाहत्या पाण्याखाली बोट साबणाने नीट धुवावे, एवढेच. रक्त डोळ्यात उडाले असेल तर मान मागे करून साध्या पाण्याने किंवा सलाइनने डोळा धुवावा, साबण लावू नये. तोंडात गेले असेल तर थुंकून अनेकदा चुळा भराव्यात.

मग लगेच ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगावे आणि वहीत नोंद करावी: किती वाजता टोचली, कोणती सुई होती, जखम किती खोल, सुईत रक्त दिसत होते का. पोकळ सुई, थेट शिरेतून काढलेली, रक्ताने भरलेली आणि खोल गेलेली असेल तर धोका वाढतो. टाके घालण्याच्या भरीव सुईने, हातमोज्यावरून झालेल्या ओरखड्यात तो बराच कमी असतो.

भीती सगळ्यांना एचआयव्हीची वाटते. रुग्ण एचआयव्हीबाधित असला तरी अशा हजार टोचण्यांत सरासरी तिघांना संसर्ग होतो. हिपॅटायटिस सी मध्ये हे प्रमाण शंभरात फार तर दोनच्या आसपास आहे. हिपॅटायटिस बी ची गोष्ट वेगळी. लस न घेतलेल्या माणसाला बाधित रुग्णाची सुई टोचली तर शंभरात सहापासून तीसपर्यंत लोकांना लागण होऊ शकते. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवसांपर्यंत जिवंत राहतो. म्हणजे ज्याची धास्ती सर्वांत कमी, तोच सर्वांत सहज लागतो, आणि लस नेमकी त्याच्यावरच उपलब्ध आहे.

आता त्या सिस्टरकडे परत येऊ. एचआयव्हीसाठीचे प्रतिबंधक औषध, ज्याला दवाखान्यात पीईपी म्हणतात, दोन तासांच्या आत सुरू झालेले उत्तम. 72 तासांनंतर त्याचा उपयोग धरला जात नाही. रुग्णाची तपासणी तिची संमती घेऊन करावी. पण अहवालाची वाट पाहत पहिला डोस थांबवू नये. रुग्ण निगेटिव्ह निघाली आणि नुकत्याच झालेल्या संसर्गाची शंका नसली, तर डॉक्टर गोळ्या बंद करतील. बाधित निघाली तर टेनोफोविर 300, लॅमिव्ह्युडिन 300 आणि डोल्युटेग्राविर 50 मिलिग्रॅम असलेली एकच गोळी रोज एकदा, पूर्ण 28 दिवस घ्यायची. मळमळ झाली म्हणून मध्येच सोडायची नाही. स्वतः गरोदर असाल, मूत्रपिंडाचा किंवा हिपॅटायटिस बी चा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. कॅल्शियम, लोह किंवा अँटासिड चालू असेल तर तेही सांगा. त्यांनी डोल्युटेग्राविर कमी शोषले जाते.

सफाई मावशींना कचऱ्याच्या पिशवीतली सुई टोचली, तर ती कुणाला लावली होती हे कळत नाही. तेव्हा डॉक्टरांनी सुईचा प्रकार, जखम आणि त्या वॉर्डातले रुग्ण पाहून निर्णय घ्यावा. त्या टाकलेल्या सुईची तपासणी करू नये, त्यातून काही हाती लागत नाही.

हिपॅटायटिस बी साठी आपली लस पूर्ण झालेली आणि रक्तातली प्रतिपिंडांची पातळी 10 किंवा जास्त आली असेल, तर काहीच करावे लागत नाही. लस नसेल आणि रुग्ण बाधित असेल, तर लसीचा पहिला डोस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिन, दोन्ही वेगवेगळ्या जागी, शक्यतो 24 तासांत द्यावे लागते. हे इम्युनोग्लोब्युलिन महाग असते आणि लहान गावात सहसा मिळत नाही. हिपॅटायटिस सी ला लसही नाही आणि प्रतिबंधक औषधही नाही. पण वेळीच कळला तर तो साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, आणि 2018 पासूनच्या राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत.

पुढची गफलत होते ती तपासण्यांत. टोचल्यावर एकदा रक्त दिले, निगेटिव्ह आले आणि माणूस निश्चिंत झाला. पण त्या पहिल्या तपासणीतून आपण आधीपासून बाधित नव्हतो एवढेच कळते. एचआयव्हीची तपासणी पुन्हा 6 आठवड्यांनी, 3 महिन्यांनी आणि 6 महिन्यांनी करावी. हिपॅटायटिस सी चा विषाणू रक्तात आहे का ते 3 ते 6 आठवड्यांत पाहता येते. त्याची प्रतिपिंड तपासणी आणि बी ची तपासणी 6 महिन्यांनी करावी. तोवर रक्तदान करू नये आणि घरी निरोध वापरावा. घरच्यांनीही हे समजून घ्यावे. एकत्र जेवल्याने, मूल कडेवर घेतल्याने यातले काही पसरत नाही.

दवाखानाचालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. एचआयव्ही व एड्स कायदा, 2017 नुसार कामावर धोका असलेल्या प्रत्येकाला प्रशिक्षण आणि पीईपी देणे ही संस्थेची जबाबदारी आहे. जैववैद्यकीय कचरा नियम, 2016 नुसार कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणेही तुमच्याकडेच आहे. यात रोजंदारीवरच्या सफाई कामगाराला वगळलेले नाही. बाळांच्या सरकारी लसीकरणात हिपॅटायटिस बी ची लस देशभर 2011 साली आली. त्यामुळे आज कामावर असलेल्या बहुतेकांना ती लहानपणी मिळालेली नाही, असेच धरून चाला.

म्हणून आमची विनंती अशी:

1. या महिन्यात लस न झालेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याने हिपॅटायटिस बी च्या लसीचा पहिला डोस घ्यावा, त्यानंतर दुसरा एका महिन्याने आणि तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडे तपासावीत.

2. प्रत्येक दवाखान्याने पीईपीचा पहिला डोस रात्री कुठे मिळतो ते जिल्हा रुग्णालयाला विचारून भिंतीवर लिहावे, आणि सरकारी केंद्रांनी तो प्रसूतिकक्षात ठेवण्याची मागणी करावी. पुढच्या सल्ल्यासाठी इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात एआरटी केंद्र आहे. माहितीसाठी 1097 हा मोफत क्रमांक आहे.

3. सुईवर टोपण परत बसवू नये. वापरल्या जागीच कटरने कापून पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाकावी, आणि डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद करावा.

4. सुई टोचल्याचे सांगणाऱ्यावर कुणी रागावू नये, आणि त्याचे नाव व अहवाल बाहेर फोडू नये. रागावण्याच्या भीतीने माणूस गप्प राहतो आणि 72 तास निघून जातात.

सुई टोचली तर ड्युटी संपायची वाट पाहू नका. हातातले काम तिथेच सोडा, बोट धुवा आणि सांगा.

लोहारदा परिसरातील आरोग्यसेवेतील सहकाऱ्यांतर्फे