‘नोंदवलं’ म्हणजे ‘करू’ नव्हे

परवा हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये कापूस-खरेदीच्या पावतीचा डेमो दिला. ग्रेडर म्हणाले, "ओलाव्याचा रकाना लाल करा." पूर्वी मी लगेच "करतो" म्हणायचो आणि पुढच्या रिव्ह्यूत तोंड लपवायचो. यावेळी विचारलं, "का हो?" तर ओलावा ८ टक्क्यांवर गेला की भाव कापतात, पण किती कापला ते पावतीवर दिसत नाही, म्हणून शेतकरी काट्यावर भांडतात. म्हणजे प्रश्न रंगाचा नव्हताच!

तिकिटात अडचण आणि ती कोणी सांगितली एवढंच लिहिलं. अंदाज आणि स्प्रिंट हे रकाने मुद्दाम रिकामे ठेवले. त्यांना म्हटलं, "नोंदवलंय. घ्यायचं का ते प्रॉडक्ट ओनर सोमवारी ठरवतील. नाही म्हणाले तरी कारण कळवीन." न कळवता तिकीट बंद केलं, तर तीच मागणी पुन्हा येते, आणि चिडून येते.