चौदा तासांचा रोजा आणि इफ्तारनंतरची विडी

रमजानमध्ये आपल्या मोहल्ल्यात एक वाक्य हमखास ऐकू येते: "दिवसभर विडीला हात लावत नाही, म्हणजे सोडता येते. बाकीचे अकरा महिने ओढतो, कारण मन कमजोर आहे." मी फार्मसीचा विद्यार्थी आहे. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. जो माणूस 14 तास पाणीही न पिता राहतो, त्याची इच्छाशक्ती कमजोर आहे असे म्हणायला आपल्याकडे कोणताही पुरावा नाही. तरीही त्याची विडी सुटत नसेल, तर कारण दुसरीकडे शोधायला हवे. ते कारण वैद्यकीय आहे, आणि त्यावर उपचारही आहेत.

माझ्या ओळखीचे एक चाचा यंत्रमागावर काम करतात. एरवी दिवसाला 20 विड्या ओढतात, आणि पहिली विडी डोळे उघडल्यावर पाच मिनिटांच्या आत. रमजानमध्ये सहेरीची शेवटची विडी पहाटे पाचला आणि पुढची संध्याकाळी सातला. रक्तातले निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मे होते. या हिशेबाने इफ्तारच्या वेळी सकाळच्या निकोटिनचा एक टक्काही अंगात उरत नाही. पण इफ्तार ते सहेरी या वेळेत चाचा दहा-बारा विड्या ओढतात. ईद झाली की दोन दिवसांत आकडा पुन्हा 20 वर. मग घरातले विचारतात, "अल्लाहसाठी थांबता, मग आमच्यासाठी का नाही?"

या प्रश्नाचे उत्तर मेंदूत आहे. धुरातले निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोहोचते आणि तिथल्या ठरावीक ग्राहकांना चिकटते. ग्राहक म्हणजे पेशीवरची कुलपे समजा, ज्यांना निकोटिनची किल्ली बसते. रोज निकोटिन मिळत राहिले की या कुलपांची संख्या वाढते. किल्ली मिळाली नाही की चिडचिड, बेचैनी, झोपमोड, कामात लक्ष न लागणे सुरू होते. हा त्रास साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. आता रोजाकडे पाहा. 14 तासांनंतर त्रास वाढू लागतो आणि तेवढ्यात विडी मिळते. तिसऱ्या दिवसाचा तो कठीण टप्पा महिनाभरात एकदाही येत नाही आणि वाढलेल्या कुलपांना कमी व्हायला सवडच मिळत नाही. चाचांनी 30 वेळा उपवास केला, पण निकोटिन एकदाही सोडले नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझ्या मताविरुद्धचा सर्वांत भक्कम युक्तिवाद तेल अवीव विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रेउवेन दार यांचा आहे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये सिगारेट ओढणाऱ्या विमान कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विमानात सिगारेट ओढता येत नाही. तल्लफ फक्त निकोटिन संपल्यामुळे येत असती, तर लांबच्या प्रवासात ती तासागणिक वाढत गेली असती. प्रत्यक्षात प्रवास छोटा असो वा मोठा, विमान उतरायची वेळ जवळ आली की तल्लफ वाढत होती. आपल्याकडेही दुपारी दोनला शांत असलेला माणूस मगरिबच्या अजानआधी अर्धा तास अस्वस्थ होतो, ते यामुळेच. दार यांचा निष्कर्ष असा की तल्लफ शरीरापेक्षा सवयीची आणि अपेक्षेची जास्त आहे.

त्यांचे निरीक्षण मला मान्य आहे. पण त्यावरून "म्हणजे हा इच्छाशक्तीचा प्रश्न आहे" असे ठरत नाही. विमान उतरताना तल्लफ वाढावी, असे त्या कर्मचाऱ्याने ठरवलेले नसते. मेंदूने वर्षानुवर्षे जागा, वेळ, चहाचा वास आणि विडी यांची सांगड घातलेली असते. ती सांगड नसीहतीने तुटत नाही. रोजा सोपा जातो, कारण तिथे नियत पक्की असते, आजूबाजूला कोणी ओढत नसते आणि शेवटची वेळ घड्याळात ठरलेली असते. कायमचे सोडताना यातले बाकी काहीच सोबत नसते, फक्त नियत असते. केवळ तिच्या जोरावर, कोणत्याही मदतीशिवाय सोडण्याच्या एका प्रयत्नात शंभरातले तीन ते पाच जणच सहा महिने ते वर्षभर टिकतात. ज्यांनी "मनावर घेतले आणि सोडली" असे आपण सांगतो, त्यांतल्या बहुतेकांनी आधी अनेकदा प्रयत्न केलेले असतात. ते प्रयत्न आपण मोजत नाही.

वैद्यकशास्त्रालाही हे समजायला वेळ लागला. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या 1964 च्या अहवालात धूम्रपानाला फक्त सवय म्हटले होते. 1988 च्या अहवालाने ते व्यसन असल्याचे स्पष्ट सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये निकोटिनच्या पर्यायी उपचाराला आवश्यक औषधांच्या यादीत घेतले.

हा उपचार म्हणजे काय? च्युइंगम किंवा त्वचेवरची पट्टी यांतून थोडे निकोटिन द्यायचे, धुरातले विष वगळायचे आणि आठ ते बारा आठवड्यांत मात्रा उतरवत न्यायची. डॉक्टर आधी विचारतात, "उठल्यावर पहिली विडी किती वेळाने?" अर्ध्या तासाच्या आत असेल तर अवलंबित्व जास्त समजतात आणि 2 मिलिग्रॅमऐवजी 4 मिलिग्रॅमची गम सुचवतात. चाचा याच गटातले. अशा उपचाराने यशाची शक्यता साधारण दीडपट होते.

गम अनेकदा फसते ती चुकीच्या वापरामुळे. ती साध्या च्युइंगमसारखी भराभर चघळली तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते, उचक्या लागतात, मळमळते आणि तल्लफ तशीच राहते. ती हळू चावायची, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मधे ठेवायची, चव गेली की पुन्हा चावायची, असे अर्धा तास. इफ्तारला लिंबू सरबत किंवा चहा घेतल्याबरोबर गम तोंडात टाकली तर तोंडातल्या आम्लामुळे निकोटिन नीट शोषले जात नाही. मधे 15 मिनिटे जाऊ द्यावीत. रोजात गम चालणार नाही हे उघड आहे. पट्टीबद्दल आलिमांना आणि डॉक्टरांना दोघांनाही विचारावे. गरोदर स्त्रिया आणि हृदयविकाराचे रुग्ण यांनी डॉक्टरांशिवाय सुरू करू नये.

या उपचाराला मर्यादा आहेत. तंबाखू किंवा मावा खाणाऱ्यांसाठी गमचा पुरावा धूम्रपानाइतका भक्कम नाही. शिवाय औषध अंगातली बेचैनी कमी करते, पण इफ्तारनंतरची चहाची टपरी हटवत नाही. त्यासाठी समुपदेशन लागते. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन 1800-11-2356 वर ते मोफत मिळते.

"आजार म्हटले की जबाबदारी संपली," असा आक्षेप नेहमी येतो. मधुमेहाला आपण आजार म्हणतो, म्हणून कोणी पथ्य माफ करत नाही. उलट, औषध वेळेवर घेणे ही रुग्णाची जबाबदारी होते आणि ते मिळवून देणे घराची आणि दवाखान्याची. आज आपण चाचांना दोष देतो आणि आपल्या वाट्याची जबाबदारी टाळतो. या रमजानमध्ये "कधी सोडणार?" असे विचारण्याऐवजी "उठल्यावर पहिली विडी किती मिनिटांनी?" असे विचारा. उत्तर मिळाले की त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जा.