जब्बार पटेल पाहायचे असतील तर ‘सिंहासन’पासून सुरुवात करू नका

१/ मराठी राजकीय चित्रपटांचा विषय निघाला की नवख्या अभ्यासकाला हमखास एक सल्ला मिळतो : आधी ‘सिंहासन’ पाहा. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, परंतु सल्ला चुकीचा आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून त्याला माझा विरोध का आहे आणि जब्बार पटेलांचे चित्रपट कोणत्या क्रमाने पाहावेत, हे या मालिकेत मांडतो.

२/ ‘सिंहासन’ (१९७९) प्रथम पाहणारा प्रेक्षक एक खेळ खेळू लागतो : हा मुख्यमंत्री म्हणजे प्रत्यक्षात कोण? हा अर्थमंत्री कोणावर बेतला आहे? जुलै १९७८ मध्ये वसंतदादा पाटलांचे सरकार पडले आणि शरद पवार मुख्यमंत्री झाले. पुढच्याच वर्षी मंत्रिमंडळातील कटाची कथा सांगणारा चित्रपट आला. दोन घटना शेजारी ठेवल्या की निष्कर्ष आपोआप निघतो, आणि समाजमाध्यमांवर तो बिनदिक्कत वस्तुस्थिती म्हणून फिरतो.

३/ साधनांचा कालक्रम तपासला की हा निष्कर्ष कोसळतो. चित्रपट अरुण साधू यांच्या दोन कादंबऱ्यांवर आधारलेला आहे : ‘मुंबई दिनांक’ (१९७३) आणि ‘सिंहासन’ (१९७७). दोन्ही १९७८ च्या सत्तांतरापूर्वीच्या. ‘मुंबई दिनांक’ प्रसिद्ध झाली तेव्हा मुख्यमंत्रिपदी आपल्या पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक होते. जी घटना घडलीच नव्हती, तिचे चित्रण कादंबरीकार कसे करील? साधूंनी एका व्यक्तीवर नव्हे, तर सत्तेच्या रचनेवर लिहिले. प्रेक्षकांनी त्यावर नावे चिकटवली, ती मागाहून.

४/ म्हणून पहिला चित्रपट ‘सामना’. विजय तेंडुलकरांची पटकथा, रामदास फुटाणे यांची निर्मिती, आणि १९७५ च्या बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत निवड. साखर कारखान्याच्या बळावर गावावर राज्य करणारा हिंदूराव (निळू फुले) आणि त्याच्या आश्रयाला येऊन पडलेला, दारूत बुडालेला एक जुना मास्तर (श्रीराम लागू). मारुती कांबळे या माणसाचे नाव मास्तरच्या कानावर पडते. त्याचे पुढे काय झाले, एवढेच तो विचारत राहतो. खाऊपिऊ घालणाऱ्यालाच तो हा प्रश्न विचारतो आहे, ही चित्रपटाची खरी धार.

५/ येथे मंत्रालय नाही, पक्षश्रेष्ठी नाहीत; ‘हा कोण’ हा खेळ खेळायला वावच नाही. दिसते ती सत्तेची यंत्रणा. तिचे मूळ पिकात आहे. तोडलेला ऊस साधारण दिवसभरात गाळला गेला नाही, तर त्याचे वजन घटते आणि साखरेचा उताराही उतरतो. त्यामुळे नोंद कोणाची घ्यायची आणि तोडणी कोणाकडे आधी पाठवायची, हे ठरवणारा माणूस शेतकऱ्याचे वर्ष घडवू शकतो किंवा बुडवू शकतो. हिंदूरावाला दरवेळी धमकी द्यावी लागत नाही, ती त्यामुळे.

६/ आता एक आक्षेप, खास आपल्या जिल्ह्यातून. ‘सामना म्हणजे महाराष्ट्राच्या खेड्याची गोष्ट’ हे वाक्य मला मान्य नाही. ती ऊसपट्ट्याची गोष्ट आहे. पुसद-उमरखेडचा काही भाग सोडला तर यवतमाळ हा कोरडवाहू कापसाचा जिल्हा. कापूस घरात साठवून ठेवता येतो. तो एका दिवसात नासत नाही. येथील शेतकरी अडतो तो सावकाराच्या कर्जापाशी, बाजारातील भावापाशी आणि १९७२ पासून सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीत सरकारी चुकाऱ्यापाशी. आपल्याकडे सत्ता नव्हती असे नाही. ती वेगळ्या ठिकाणी बसली होती. ‘सामना’तून हिंदूराव उचलून यवतमाळच्या इतिहासावर ठेवाल, तर दोन्ही चुकीचे वाचाल.

७/ दुसरा क्रमांक ‘सिंहासन’चा. आता त्याचा अर्थ बदललेला दिसेल. पटकथा पुन्हा तेंडुलकरांचीच. पण ‘सामना’त प्रश्न विचारणारे लागू येथे मुख्यमंत्र्याविरुद्ध कट रचणारे अर्थमंत्री विश्वासराव आहेत, आणि प्रश्न चुकवणारे निळू फुले येथे प्रश्न विचारणारे पत्रकार दिगू टिपणीस आहेत. ‘सामना’ आधी पाहिलेल्यालाच ही अदलाबदल जाणवते. माणूस बदलला तरी जागा तशीच राहते, हे निव्वळ पात्रयोजनेतून समजते.

८/ आणखी एक फरक पाहा. मास्तरला एका माणसाचे काय झाले हे शोधायचे होते. शोध कठीण होता, पण प्रश्न स्पष्ट होता. दिगूला जवळजवळ सगळेच ठाऊक आहे, आणि तरी त्या माहितीचा काहीही उपयोग होत नाही. अखेरीस मुख्यमंत्री (अरुण सरनाईक) खुर्ची टिकवतात आणि दिगूचाच तोल ढळतो. मंत्र्यांची नावे ओळखण्यात गुंतलेल्या प्रेक्षकाच्या हातून नेमका हा शेवट निसटतो.

९/ तिसरा ‘उंबरठा’ (१९८२). शांता निसळ यांची ‘बेघर’ ही कादंबरी, तेंडुलकरांची पटकथा, स्मिता पाटील यांची सुलभा महाजन. याला ‘स्त्रीप्रश्नावरील चित्रपट’ असे लेबल लावून राजकीय चित्रपटांच्या यादीतून वगळतात. हे वर्गीकरण मला साफ नामंजूर आहे. घर व मुलगी मागे ठेवून सुलभा महिलांच्या सुधारगृहाची अधीक्षक होते, आणि तिची गाठ पडते ती कार्यकारिणीशी, हिशेबांशी, चौकशीशी. गावात कारखाना जे करतो आणि मुंबईत मंत्रिमंडळ जे करते, तेच येथे एक समिती करते. हा त्याच विषयाचा तिसरा भाग आहे.

१०/ चौथा ‘जैत रे जैत’ (१९७७). गो. नी. दांडेकरांची कादंबरी, ना. धों. महानोरांची गीते, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत. काळाने तो ‘सिंहासन’च्या आधीचा, तरी मी तो मागे ठेवतो, कारण मधे आला तर वरील तिघांचा धागा तुटतो. तो ठाकरांच्या जगातील एक संगीतकथा म्हणून पाहा. आदिवासी जीवनाचा पुरावा म्हणून त्याचा दाखला देऊ नका. आपल्याकडील कोलाम किंवा गोंड समाजाविषयी तर मुळीच नको.

११/ सर्वांत शेवटी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ (२०००). मामुट्टी यांची भूमिका, मूळ भाषा इंग्रजी, सरकारी अर्थसाह्य. आणि लेखकांत पुन्हा अरुण साधू. अनेक जण येथूनच सुरुवात करतात, कारण विषय सर्वांत मोठा. परंतु पहिल्या तीन चित्रपटांत दिग्दर्शकाला पात्रे घडवण्याची मोकळीक होती. येथे प्रत्येक प्रसंगामागे भाषणे, पत्रे आणि ठराव उभे आहेत. तेव्हा प्रश्नही वेगळा विचारावा लागतो : एवढ्या मोठ्या आयुष्यातून काय निवडले आणि काय वगळले? पुणे कराराचा भाग बाबासाहेबांच्या लेखनाशेजारी ठेवून पाहा.

१२/ क्रम असा : सामना, सिंहासन, उंबरठा, जैत रे जैत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ‘मुक्ता’ आणि ‘एक होता विदूषक’ यांच्याकडे त्यानंतर वळा. वाद घालायचा असेल तर अवश्य घाला. मात्र ‘सिंहासन’मधील मुख्यमंत्री अमुकच, असे सांगणाऱ्याने आधी कादंबऱ्यांची वर्षे पाहून यावे.