पाळीवरून परतणाऱ्याचा दिवा

नागपूरजवळच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीतून दुसऱ्या पाळीचा कामगार भर पावसात सायकलने घरी निघतो, तेव्हा त्याला खरे भय असते ते मागून येणाऱ्या ट्रकचे. अशा माणसाला भेट द्यायची म्हटली की घरच्यांना रेनकोट आठवतो. रेनकोट अंग कोरडे ठेवतो हे खरे; परंतु त्याचा मागे लोंबणारा घोळ बैठकीखालचा परावर्तक झाकून टाकतो. उघडा परावर्तकही ट्रकचा झोत पडला तरच चमकतो, आणि त्यावर चिखल बसला की तेवढेही उरत नाही.

टायरला घासून फिरणारा डायनामो हा जुना उपाय. तथापि ओल्या टायरवर त्याची चकती घसरते, आणि सिग्नलपाशी चाक थांबताच साध्या डायनामोचा दिवा विझतो.

म्हणून भेट द्यावी ती बॅटरीवरील लाल एलईडी दिव्याची. तो कॅरिअरच्या मागच्या टोकाला, सरळ मागे रोखून पक्का बसवावा. मग कामगाराला रेनकोटासह सायकलवर बसवून वीस पावले मागून पाहावे. दिवा पूर्ण दिसला पाहिजे. सोबत पुढच्या मडगार्डला जुन्या ट्यूबची रुंद पट्टी जमिनीपासून चार बोटे वर राहील अशी लावली, तर चाकाने उडणारे पाणी बुटांत शिरत नाही.

दिवा घरचे लोक देऊ शकतात. सायकलींसाठी वेगळी मार्गिका मात्र शासनाकडूनच मिळवावी लागेल.