वाय-फाय ६ म्हणजे नेमके किती? लॅपटॉपच्या पत्रकातील एका ओळीविषयी

दहावी-बारावीचे निकाल लागले की अनेक घरांत लॅपटॉप घेण्याची बोलणी सुरू होतात. माहितीपत्रके समोर येतात, आणि प्रोसेसर, स्मृती, पडदा असे सगळे वाचून झाले की तळाशी एक ओळ उरते: Wi-Fi 6 (802.11ax), Bluetooth 5.3. शेजारच्या पत्रकात वाय-फाय ५ असते. पाचापेक्षा सहा मोठा, तेव्हा सहाचा लॅपटॉप वेगवान, असा निष्कर्ष आपण चटकन काढतो. हा निष्कर्ष पुष्कळदा चुकीचा असतो, आणि का चुकीचा असतो हे नववी-दहावीच्या गणितानेही तपासता येते, म्हणून हा लेख.

प्रथम नावाविषयी. 802.11ac, 802.11ax ही मूळ तांत्रिक नावे. ती लक्षात राहत नाहीत म्हणून २०१८ साली वाय-फाय अलायन्स या संघटनेने त्यांना क्रमांक दिले. ac झाला पाचवा, ax झाला सहावा. हा पिढीचा क्रमांक आहे, वेगाचा नव्हे. नातू आजोबांहून दोन पिढ्यांनी पुढे असतो, म्हणून तो धावण्यातही पुढे असेलच असे नाही!

मग वेग ठरतो कशाने? वाय-फाय आपला रेडिओलहरींचा पट्टा अनेक बारीक उपवाहकांत विभागते. प्रत्येक उपवाहक ठरावीक काळात एक 'खूण' पाठवतो आणि त्या एका खुणेत काही बिट बसवलेले असतात. बिट कसे बसतात हे समजायला ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांपुढे आणा. लहरीची उंची आणि तिची कला यांच्या जोडीने जाळीतला एक ठिपका ठरतो. घेणाऱ्याने तो कोणता हे ओळखायचे. वाय-फाय ५ मध्ये ही जाळी जास्तीत जास्त १६ बाय १६ ची, म्हणजे २५६ ठिपक्यांची असते. २५६ म्हणजे २ चा आठवा घात, म्हणून एका खुणेत ८ बिट. वाय-फाय ६ मध्ये जाळी ३२ बाय ३२ ची, १०२४ ठिपक्यांची. म्हणून १० बिट.

आता गणित करू. ८० मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात वाय-फाय ५ माहितीसाठी २३४ उपवाहक वापरते आणि एका खुणेला ३.६ मायक्रोसेकंद लागतात. चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून सहा बिटांतला एक राखून ठेवलेला असतो, तेव्हा ५/६ ने गुणायचे. २३४ × ८ × ५/६ ÷ ३.६ = ४३३. एका मायक्रोसेकंदाला ४३३ बिट, म्हणजेच सेकंदाला ४३३ मेगाबिट. वाय-फाय ६ मध्ये त्याच पट्ट्यात उपवाहक ९८०, पण एका खुणेला १३.६ मायक्रोसेकंद. ९८० × १० × ५/६ ÷ १३.६ = ६००. पाचव्या पिढीवरून सहाव्या पिढीत आल्याचा एकूण लाभ एवढाच: ४३३ चे ६००. सुमारे ३९ टक्के.

हे आकडे आहेत एका अँटेनाचे. दोन अँटेना असलेला लॅपटॉप एकाच वेळी माहितीचे दोन वेगळे प्रवाह पाठवू शकतो, आणि मग वेग सरळ दुप्पट होतो. पत्रकात हे 1x1 किंवा 2x2 असे लिहितात, लिहिले तर. आता दोन लॅपटॉप शेजारी ठेवा. पहिला नवा: वाय-फाय ६, 1x1, कमाल वेग ६००. दुसरा जुन्या पिढीचा: वाय-फाय ५, 2x2, कमाल वेग ८६६. मोठा क्रमांक मिरवणारा लॅपटॉप मागे पडला! आणि घरातला राऊटर वाय-फाय ५ चा असला, तर हा फरक आणखी वाढतो. संभाषण दोघांना समजेल अशाच भाषेत चालते. नवा लॅपटॉप मुकाट्याने पाचव्या पिढीच्या रीतीने बोलू लागतो आणि त्याचा कमाल वेग ४३३ वर येतो, म्हणजे दुसऱ्याच्या बरोबर निम्मा. कमी किमतीच्या लॅपटॉपमध्ये 1x1 चे कार्ड सर्रास आढळते. पत्रकावर 'वाय-फाय ६' ठळक छापायचे आणि अँटेनांची संख्या गाळायची, ही पद्धत मला ग्राहकाची दिशाभूल करणारी वाटते. शाळेसाठी वीस-पंचवीस लॅपटॉप एकदम घेणाऱ्या शिक्षकांनी तरी विक्रेत्याकडून हा आकडा लेखी मागून घ्यावा.

तो ३९ टक्क्यांचा लाभ तरी घरभर मिळतो का? पुन्हा रांगोळीकडे या. तेवढ्याच जागेत १६ ऐवजी ३२ ठिपके मांडले की दोन ठिपक्यांतले अंतर निम्मे होते. रेडिओलहरींत नेहमी थोडा गोंगाट मिसळलेला असतो. त्यामुळे ठिपका आपल्या जागेवरून जरा हलतो. अंतर निम्मे झाले तर गोंगाटाचा धक्काही निम्माच परवडतो, आणि शक्ती ही उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तेवढ्याच गोंगाटात चौपट शक्तीचा संदेश लागतो. मोकळ्या जागेत शक्ती अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. म्हणजे २५६ ठिपक्यांची जाळी जिथपर्यंत ओळखता येते, त्याच्या निम्म्या अंतरापर्यंतच १०२४ ठिपक्यांची ओळखता येणार. मध्ये विटांची भिंत आली की हिशेब आणखी बिघडतो. तुम्ही आतल्या खोलीत गेलात की लॅपटॉप आपणहून विरळ जाळीवर उतरतो, आणि पत्रकातला मोठा आकडा बाहेरच्या खोलीतच राहतो. दुसरा अँटेना मात्र आतल्या खोलीतही कामाला येतो, कारण दोन ठिकाणी टिपलेला क्षीण संदेश एकत्र करता येतो. म्हणून माझे मत असे की अँटेनांची संख्या आधी वाचावी आणि पिढीचा क्रमांक नंतर.

हे सारे घरी पडताळून पाहता येईल. विंडोजच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ही ओळ टाइप करा (नव्या आवृत्त्यांत त्यासाठी लोकेशनची परवानगी चालू असावी लागते):

```
netsh wlan show interfaces
```

उत्तरात Radio type समोर पिढी दिसेल आणि Receive rate (Mbps) समोर त्या क्षणीचा वेग. राऊटरजवळ, शेजारच्या खोलीत आणि दोन भिंतींपलीकडे अशा तीन जागी आकडे टिपा. एखादे वेळी वाय-फाय ५ च्या लॅपटॉपवर 802.11n, म्हणजे चौथी पिढी, असे उत्तर येईल. यंत्र बिघडलेले नाही. पाचवी पिढी फक्त ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झवर गेला की त्याला चौथीवरच यावे लागते. सहावी पिढी दोन्ही पट्ट्यांत चालते, आणि हा तिचा खरा, पण जाहिरातीत फारसा न येणारा गुण आहे. आणखी एक सांगून ठेवतो: दिसलेल्या वेगाच्या साधारण अर्धा ते दोन तृतीयांशच प्रत्यक्ष हाती येतो, बाकीचा पोच देण्याघेण्यात आणि आपली पाळी येण्याची वाट पाहण्यात जातो. तरीही घरची इंटरनेट जोडणी १०० मेगाबिटची असेल, तर राऊटरजवळ बसून व्हिडिओ पाहणाऱ्याला ६०० आणि ८६६ मधला फरक कळणारच नाही. अडचण आतल्या खोलीत येते.

सहाव्या पिढीचे मोठे काम गर्दीत आहे. पूर्वी एका वेळी एकच यंत्र पूर्ण पट्टा व्यापून बोलत असे, मग त्याला दोन अक्षरे पाठवायची असोत की अख्खे पुस्तक. सहाव्या पिढीत ८० मेगाहर्ट्झचा पट्टा वाटून एकाच वेळी ३७ यंत्रांना लहान लहान वाटा देता येतात. चाळीस मुले एकाच वर्गात प्रश्नावली सोडवत असतील तर याचा उपयोग आहे. मात्र त्यासाठी राऊटरही त्याच पिढीचा हवा. वाय-फाय ७ चा ३२० मेगाहर्ट्झचा रुंद पट्टा फक्त ६ गिगाहर्ट्झच्या नव्या प्रदेशात बसतो. अमेरिकेने २०२० साली त्यातला १२०० मेगाहर्ट्झ खुला केला, तर भारत सरकारने मे २०२५ मध्ये नियमांचा जो मसुदा काढला तो खालच्या ५०० मेगाहर्ट्झपुरता होता. एवढ्या जागेत असा रुंद पट्टा एकच मावतो. निव्वळ ७ या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

आता ब्लूटूथ. येथे आकडा आणखीच फसवा आहे. ५.३ म्हणजे नियमपुस्तकाची आवृत्ती. त्यातली बरीच प्रकरणे ऐच्छिक असतात. २०१६ च्या ५.० आवृत्तीबरोबर 'दुप्पट वेग, चौपट पल्ला' अशी जाहिरात झाली. प्रत्यक्षात त्या दोन वेगळ्या रीती आहेत, एकाच वेळी लागू होत नाहीत, आणि दोन्ही कमी शक्तीच्या ब्लूटूथसाठी आहेत. हेडफोनवर नेहमीचे संगीत ज्या जुन्या मार्गाने येते त्याचा ३ मेगाबिटचा कमाल वेग २००४ पासून तोच आहे. तेव्हा ४.२ चा लॅपटॉप देऊन ५.३ चा घेतला म्हणून तुमचे गाणे अधिक गोड होणार नाही.

रोजच्या वापरात जाणवणारी गोष्ट वेगळीच आहे. ब्लूटूथ हेडफोनवर गाणे छान वाजते, पण ऑनलाइन तासिकेत मायक्रोफोन चालू करताच आवाज जुन्या टेलिफोनसारखा घोगरा होतो. असे का व्हावे? संगीताचा जुना मार्ग एकेरी आहे. त्यावर सेकंदाला सुमारे ३०० किलोबिट येतात. बोलणे परत पाठवायचे तर दूरध्वनीचा मार्ग धरावा लागतो, आणि तेथे प्रत्येक दिशेला फक्त ६४ किलोबिट राखलेले असतात. त्यात सेकंदाला आवाजाचे सहसा फार तर १६,००० नमुने बसवतात. नमुन्यांच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतचाच ध्वनी टिकतो, म्हणून ८,००० हर्ट्झच्या वरचे सगळे गळून पडते आणि स्टीरिओही जातो.

यावर उपाय आहे तो एलई ऑडिओ या नव्या रीतीत. तिचा पाया ५.२ आवृत्तीत घातला गेला, पण ५.२ किंवा ५.३ लिहिलेल्या प्रत्येक यंत्रात ती असतेच असे नाही. लॅपटॉपचे कार्ड, त्याचा ड्रायव्हर आणि हेडफोन या तिघांनाही ती यावी लागते. विंडोज ११ च्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये Use LE Audio when available असा पर्याय दिसला तर लॅपटॉपची बाजू तयार आहे असे समजा. दिसला नाही, तर पैसे न खर्चता करण्याजोगे एक काम आहे: तासिकेच्या वेळी ध्वनीच्या सेटिंगमध्ये ऐकण्यासाठी हेडफोन आणि बोलण्यासाठी लॅपटॉपचा स्वतःचा मायक्रोफोन निवडा. मग हेडफोनला दूरध्वनीच्या मार्गावर जावे लागत नाही, आणि बाईंचा आवाज स्वच्छ ऐकू येतो.