कथेचा शेवट सांगण्याचा अधिकार परीक्षणकाराला कुणी दिला?

चित्रपटाचे परीक्षण म्हणून आपल्याकडे जे छापले जाते, त्यातील बहुतेक मजकूर कथेचा सारांश असतो. तीनशे शब्दांतले अडीचशे कथेत खर्च होतात आणि उरलेल्या पन्नासांत ‘अभिनय उत्तम, छायाचित्रण सुरेख, सहकुटुंब पाहावा’ अशी प्रशस्ती येते. या पद्धतीला आमचा स्पष्ट विरोध आहे.

संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ (2004) घ्या. कोकणातील आजोबा नातवाला डोळ्यांच्या उपचारासाठी शहरात आणतात. डोळ्यांत कर्करोग असल्याचे निदान होते. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, पण दृष्टी कायमची जाईल. एवढे सांगावे की नाही? आमच्या मते अवश्य सांगावे. निदान ही या चित्रपटाची कलाटणी नव्हे, तो त्याचा पाया आहे. ते लपवले, तर चित्रपट कशाविषयी आहे हेच वाचकाला कळणार नाही. खरा प्रश्न त्यानंतर उभा राहतो: हे त्या पोराला सांगायचे कुणी, आणि कोणत्या शब्दांत? परीक्षणाने हा प्रश्न वाचकाच्या हाती द्यावा आणि तेथेच थांबावे. शस्त्रक्रियेच्या सुमारास रुग्णालयात काय घडते, ते पडद्याचे आहे.

मग ओढ कशी लावावी? प्रश्नाचा भार कोण वाहतो, हे दाखवून. आम्ही असे लिहू: ‘डॉक्टरांची भाषा आजोबांना परकी आहे आणि आजोबांचे दुःख डॉक्टरांच्या कामाच्या घाईत मावत नाही. या दोघांच्या मध्ये एक लहान मुलगा आहे, ज्याला अजून काहीच ठाऊक नाही. अरुण नलावडे आणि अश्विन चितळे यांच्यातील आजोबा-नातवाचे नाते पाहताना, आपण त्या जागी असतो तर काय बोललो असतो, हा विचार पाठ सोडत नाही.’ यात शेवटाचा एक शब्दही नाही.

‘धक्कादायक शेवट’, ‘अखेरीस डोळे पाणावतात’ ही विशेषणेही आम्ही चहाडीच मानतो. ती वाचलेला प्रेक्षक पहिल्या दृश्यापासून त्या धक्क्याचीच वाट पाहत बसतो.

काही बंधू म्हणतात, दुःखसहनाचा वृत्तांत आपण दर शुभ शुक्रवारी ऐकतो. शेवट ठाऊक असून त्याचा प्रभाव कुठे कमी होतो? खरे आहे. पण तो आपण पुन्हा ऐकतो. चित्रपट प्रथम पाहण्याची संधी मात्र माणसाला एकदाच मिळते, आणि ती त्याच्या वतीने आपण वापरून टाकायची नसते. दुसऱ्यांदा पाहणाऱ्यांसाठी सविस्तर रसग्रहण जरूर लिहावे. त्यावर तशी सूचना मात्र असावी.

राहिला पालकांचा आक्षेप: मुलांना न्यावे की नाही, हे कथा कळल्याशिवाय कसे ठरवायचे? त्याला एक वाक्य पुरते: ‘रुग्णालयातील प्रसंग व आजाराची चर्चा लहान मुलांना जड वाटेल.’