‘चांगले चारित्र्य’ कोण ठरवणार?

वर्सोव्याच्या शेजारी लोखंडवालात गायक अदनान सामी यांनी डिसेंबर २००३ मध्ये आठ फ्लॅट आणि पाच पार्किंगच्या जागा विकत घेतल्या. किंमत अडीच कोटींच्या वर. तेव्हा ते पाकिस्तानचे नागरिक होते. पाकिस्तानसह काही शेजारी देशांच्या नागरिकांना भारतात स्थावर मालमत्ता घ्यायची तर रिझर्व्ह बँकेची आगाऊ परवानगी लागते, आणि ती त्यांनी घेतली नव्हती. २०१० मध्ये ईडीने फ्लॅट जप्त करण्याचा आणि २० लाख दंडाचा आदेश काढला. त्यावर अपील झाले. ते प्रलंबित असतानाच १ जानेवारी २०१६ पासून सामी भारताचे नागरिक झाले. २०१९ मध्ये न्यायाधिकरणाने जप्ती रद्द केली आणि दंड वाढवून ५० लाख केला.

सामींना नागरिकत्व मिळाले याबद्दल आमची तक्रार नाही. विदेशी चलनविषयक फेमा कायद्याखालचा तो भंग दिवाणी स्वरूपाचा होता. त्याला दंड होतो, त्याने माणूस गुन्हेगार ठरत नाही. तेवढ्यावरून कुणाचे चारित्र्य वाईट ठरू नये, असेच आमचे मत आहे. आमचा प्रश्न एवढाच आहे की हा समजूतदारपणा नाव नसलेल्या अर्जदाराच्या वाट्याला येईल याची हमी कायद्यात कुठे आहे?

नागरिकत्व कायदा, १९५५ ची तिसरी अनुसूची काढून पाहा. देशीयकरणासाठी अर्जाआधीचे सलग बारा महिने भारतात वास्तव्य हवे, त्याआधीच्या १४ वर्षांपैकी ११ वर्षे इथे काढलेली हवीत आणि आठव्या अनुसूचीतली एक भाषा यायला हवी. या गोष्टी मोजता येतात. त्यांच्यातच ‘चांगले चारित्र्य’ ही अट आहे, आणि तिची व्याख्या कुठेच नाही. कर भरला की नाही याचा तर तिथे उल्लेखसुद्धा नाही. शिवाय विज्ञान, कला, साहित्य यांत विशेष सेवा केलेल्यांना केंद्र सरकार या अटींतून सूट देऊ शकते. बेकरीत राबणाऱ्याला कुठली सूट?

समजा, यारी रोडवर वर्षानुवर्षे राहणारी एक इराणी बाई अर्ज करते. दोन वर्षांचे आयकर विवरण तिने उशिरा भरले. आयकर कायद्यात यासाठी विलंब शुल्क आहे, पाच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १,००० रुपये, त्यावर ५,०००. तिने ते भरून टाकले. एकदा सिग्नल तोडल्याचे चलान झाले, तेही भरले. यात चारित्र्याचा काय संबंध? जाणूनबुजून कर बुडवणे वेगळे, त्यावर त्याच कायद्यात खटला आणि तुरुंगवास आहे. पण अर्ज फेटाळला तर यातले नेमके काय नडले, हे तिला कळणारच नाही. कलम १४ म्हणते की मंजुरी किंवा नकाराचे कारण देण्याचे बंधन सरकारवर नाही. तीस दिवसांत फेरविचाराचा अर्ज करता येतो खरा, पण कारणच माहीत नसेल तर त्यात लिहायचे काय?

ब्रिटनमध्ये सरकार काही सज्जन आहे असे नाही. तिथे कायम वास्तव्य मागणाऱ्या अनेक कुशल स्थलांतरितांना, त्यात भारतीयही आले, गृहखात्याने बेइमान ठरवून नाकारले. कारण व्हिसाच्या अर्जातले उत्पन्न आणि करखात्याला दाखवलेले उत्पन्न जुळत नव्हते. एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने बालाजिगारी खटल्यात सांगितले की आकड्यांतला फरक म्हणजे आपोआप बेइमानी नव्हे, आधी संशय कळवा, खुलासा मागा, मग ठरवा. हिशेबनिसाची चूक आणि लबाडी यांतला फरक विचारल्याशिवाय कळत नाही, इतकी ही साधी गोष्ट आहे.

१० ऑगस्ट १९४९ रोजी संविधान सभेत नागरिकत्वाची कलमे मांडताना बाबासाहेबांनी स्पष्ट केले होते की ही तरतूद संविधान लागू होतानाच्या नागरिकत्वापुरती आहे, कायमचा कायदा संसदेने करायचा. संसदेने १९५५ मध्ये तो केला आणि कलम १४ मध्ये नोकरशाहीला मौनाचा अधिकार देऊन टाकला. म्हणून आमची मागणी कलम १४ बदलण्याची आहे. नकाराआधी नोटीस द्या, नकाराचे कारण लेखी द्या, आणि किती जुन्या, किती लहान गोष्टी धरायच्या नाहीत ते नियमांत लिहा.

तोवर वस्तीतल्या कार्यकर्त्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. या अर्जाला अर्जदाराच्या चारित्र्याबद्दल दोन भारतीय नागरिकांची प्रतिज्ञापत्रे लागतात आणि ती बहुधा आपल्याकडेच मागितली जातात. सही करण्याआधी विवरणांच्या पावत्या आणि भरलेली चलाने पाहून घ्या. जुनी केस असेल तर निकालाची प्रत मागा आणि अर्जात ती लिहायलाच लावा. उशिरा भरलेला कर सांगितल्याने सहसा जेवढे बिघडते त्याहून कितीतरी जास्त लपवल्याने बिघडते. महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून मिळवलेले नागरिकत्व कलम १० खाली मिळाल्यानंतरही काढून घेता येते, आणि जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर कलम १७ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. वांद्र्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात कागद देण्याआधी त्यांची एक पूर्ण प्रत, पोचपावतीसह, घरी ठेवायला सांगा. कारण न देता नकार आला तर फेरविचारासाठी आणि पुढे उच्च न्यायालयात हातात असेल ती तेवढीच.